चौकट कुठे ठेवायची?

कोकणातल्या सड्यावर पावसाळ्यात ‘सीतेची आसवे’ फुलतात. बोटभर उंचीचा नाजूक दांडा, त्यावर निळसर जांभळे फूल आणि खाली चिखलात दडलेल्या बारीक पिशव्या. या पिशव्यांमध्ये पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात आणि झाडाचे पोषण होते. जांभ्या कातळावरच्या मातीच्या पातळ थरात अन्नद्रव्ये इतकी कमी असतात, की तिथे टिकायला अशी युक्ती लागते. राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर ही फुले एकंदर किती असतील, हा प्रश्न घेऊन मी फील्डवर्कचा पहिला हंगाम सुरू केला. हंगाम संपला तेव्हा वह्या भरल्या होत्या आणि प्रत्येक पान नीटनेटके होते. त्यांतून काढलेला आकडा मात्र चुकीचा होता, आणि तोही थोडाथोडका नव्हे, कित्येक पटींनी.

मोजण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. लाकडाची किंवा पाइपची चौरस चौकट जमिनीवर ठेवायची, तिच्या आतली झाडे मोजायची, अशा अनेक चौकटींची सरासरी काढायची आणि तिला सड्याच्या क्षेत्रफळाने गुणायचे. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी या चौकटीला ‘क्वाड्रट’ म्हणतात. रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स या दोन अमेरिकी संशोधकांनी १८९८ साली नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात अशा चौकटी आखून झाडे मोजली. नजरेने केलेला अंदाज आणि प्रत्यक्ष मोजणी यांत केवढी तफावत पडते, हे त्यांना तिथे कळले. डोळ्यांवर विसंबायचे नाही, म्हणून चौकट आली. मी चौकट वापरली, पण ती कुठे ठेवायची हे डोळ्यांनाच विचारले. पुढच्या बहुतेक चुका यातूनच निघाल्या.

सडा दुरून सपाट आणि एकसारखा दिसतो. पावसाळ्यात त्यावरून चालले की त्याचे वेगवेगळे तुकडे ध्यानात येतात. बराचसा भाग उघडा कातळ असतो, त्यावर शेवाळ आणि फटींमध्ये तुरळक गवत. जिथे हातभर माती साचली आहे तिथे दाट गवत वाढते. काही ठिकाणी पावसाचे पाणी पातळ पापुद्र्यासारखे सतत झिरपत असते. हे ओले पाझर क्षेत्रफळाने लहान, पण सीतेची आसवे, गेंद आणि दवबिंदू यांची खरी गर्दी तिथेच. शिवाय खळगे आणि डबकी आहेतच.

मी सकाळी पायवाटेने सड्यावर चढायचे आणि जिथे निळा रंग दिसेल तिकडे वळायचे. चौकट मुद्दाम फुलांवर ठेवायची नाही एवढे मला माहीत होते, म्हणून मी पाठ फिरवून ती खांद्यावरून मागे टाकत असे. त्या वेळी मला तो निःपक्षपातीपणा वाटत होता. पण चौकट कुठे पडणार, हे मी कुठे उभी आहे यावर ठरत होते आणि मी पाझराच्या मधोमध उभी असायची. हाताने दोन-तीन मीटर लांब फेकलेली चौकट पाझरातच पडणार. चौकट एखाद्या वेळी कोरड्या कातळावर पडली, तर त्यात मोजण्यासारखे काही नसे. अशी चौकट मी वहीत न लिहिता पुन्हा टाकायचे. शून्य ही सुद्धा एक नोंद असते, आणि उघड्या कातळाबद्दल सांगण्यासारखी मुख्य गोष्ट तीच असते, हे तेव्हा लक्षात आले नाही.

हंगामाच्या शेवटी माझ्या मार्गदर्शकांनी वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला, “मोकळ्या कातळावरच्या चौकटी कुठे आहेत?”

त्यांनी मला समोर बसवून एक हिशेब करायला लावला. आकडे त्यांनी सोपे आणि काल्पनिक घेतले होते, पण चूक कशी वाढत जाते ते त्यातून स्वच्छ दिसते, म्हणून तो इथे मांडते. समजा, सडा १० हेक्टरचा आहे. त्यातले ६ हेक्टर उघडा कातळ, ३ हेक्टर गवताळ माती आणि १ हेक्टर पाझर. समजा, दर चौरस मीटरला फुलांचे दांडे कातळावर सरासरी २, गवतात १० आणि पाझरात २०० आहेत. आता एकूण ३० चौकटींपैकी मी २० पाझरात, ८ गवतात आणि फक्त २ कातळावर ठेवल्या. सगळ्यांची सरळ सरासरी काढली तर ती दर चौरस मीटरला १३६ येते. १० हेक्टर म्हणजे १ लाख चौरस मीटर, म्हणजे सड्यावर सुमारे १ कोटी ३६ लाख दांडे झाले. प्रत्येक भागाची सरासरी त्या भागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात धरली तर मात्र कातळाचे १.२, गवताचे ३ आणि पाझराचे २० मिळून २४.२ होतात. सड्यावर प्रत्यक्षात २४ लाख २० हजार दांडे आहेत. पहिला आकडा खऱ्याच्या साडेपाच पटींहून मोठा आहे, आणि मोजताना एकही दांडा चुकलेला नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका पाण्यात, एका आचेवर शिजलेला असतो. कुठलेही शीत उचलले तरी चालते. सड्यावर पाणी आणि माती जागोजागी वेगळी, त्यामुळे शीत कुठून उचलले हे आधी सांगावे लागते.

हा हिशेब पाहिल्यावर मला वाटले, आपण पाझरात फार चौकटी ठेवल्या, हीच चूक. पुढच्या वेळी क्षेत्रफळाच्या प्रमाणात कातळावर १८, गवतात ९ आणि पाझरात ३ ठेवू. सरांनी तेही खोडून काढले, आणि या विषयात मला सर्वांत नवे काही कळले असेल तर ते इथेच. जो भाग आतून एकसारखा आहे, त्याची सरासरी थोड्या चौकटींतही पक्की मिळते. कातळावर कुठेही चौकट ठेवा, शून्य, दोन, चार असेच काहीतरी येईल. पाझरात एका चौकटीत ४० तर दुसरीत ३५० असू शकतात. तिथे तीन चौकटींची सरासरी निव्वळ योगायोगावर अवलंबून राहील. जेर्झी नेमन या पोलिश गणितज्ञाने १९३४ साली याचा नियम मांडला. प्रत्येक भागात किती नमुने घ्यायचे, हे त्या भागाच्या क्षेत्रफळाला तिथल्या आकड्यांच्या चढउताराने, म्हणजे प्रमाण विचलनाने, गुणून ठरवायचे. वरच्या उदाहरणात प्रमाण विचलन कातळावर ५, गवतात १० आणि पाझरात १०० धरले, तर गुणाकार ३०, ३० आणि १०० येतात. ३० चौकटी त्या प्रमाणात वाटल्या की कातळाला ६, गवताला ६ आणि पाझराला १८ येतात.

म्हणजे पाझरात २० चौकटी ही संख्या जवळजवळ बरोबरच होती. चूक दोन ठिकाणी होती. सगळ्या चौकटी एका ढिगात टाकून सरळ सरासरी काढली ही एक, आणि पाझराच्या आतही जागा माझ्या पावलांनी ठरवली ही दुसरी. पहिली चूक नंतर घरी बसून दुरुस्त करता येते, उपग्रहाच्या चित्रावरून क्षेत्रफळ काढले की झाले. दुसरी दुरुस्त होत नाही, कारण ज्या जागी मी गेलेच नाही तिथले आकडे कुठल्याही सूत्रातून येत नाहीत.

नेमन यांच्या नियमात एक अडचण आहे. चढउतार किती हे मोजणी करण्यापूर्वीच कसे कळणार? त्या प्रश्नावर पहिल्याच काळात काम करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले. लंडनला शिकत असताना १९३५ साली त्यांनी तपासले, की आधी एक छोटी चाचणी मोजणी करून चढउताराचा कच्चा अंदाज घेतला, तर त्या अंदाजावर केलेली वाटणी फायद्याची ठरते का. बहुतेक वेळा ठरते, असे त्यांना दिसले. सड्यासाठी याचा अर्थ असा, की हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक भागात चार-पाच चौकटी मोजून बघायच्या आणि मग बाकीच्यांची वाटणी करायची. मी ती चाचणी केली नाही, कारण पावसाळा हातातून निघून जाईल अशी घाई होती.

सुखात्मे यांचे नाव मला आणखी एका चुकीसाठी आठवते. भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी पीककापणीच्या प्रयोगांवर काम केले. शेतात छोटा तुकडा आखून त्यातले पीक कापायचे, वजन करायचे आणि त्यावरून उत्पादन ठरवायचे, ही ती पद्धत. त्यांना आढळले, की तुकडा फार लहान घेतला की उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते. १९४६ साली त्यांनी हे ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते आणि दोघांमध्ये यावरून मतभेद झाला. कारण साधे आहे. सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात त्याला आत घेतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने सीमा जास्त, आणि तितकी ही चूक मोठी.

पाझरात फुले इतकी दाट होती की एक मीटरची चौकट मोजायला फार वेळ जायचा. म्हणून मी तिथे २५ सेंटिमीटर बाजूची छोटी चौकट वापरली आणि बाकी ठिकाणी एक मीटरची. आता समजा, मी चौकटीच्या काठाबाहेरचे एक सेंटिमीटरपर्यंतचे दांडे नकळत आत धरले. एक मीटरच्या चौकटीत त्यामुळे क्षेत्र सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. २५ सेंटिमीटरच्या चौकटीत ते सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. शिवाय छोट्या चौकटीतला आकडा दर चौरस मीटरला न्यायचा तर १६ ने गुणावा लागतो, म्हणजे चुकून धरलेला एकेक दांडा सोळा होऊन कागदावर उतरतो. आणि ही फुगवटी नेमकी पाझरात, जिथे आधीच सगळ्यांत जास्त दांडे आहेत. ही चूक ओळखायची एक रीत आहे. तीच चौकट न हलवता दुसऱ्या माणसाने मोजायची, आणि दोघांनी आतले व काठावरचे दांडे वेगळे लिहायचे. आतले आकडे जुळले आणि काठावरचे जुळले नाहीत, की दोष कुठे आहे ते कळते. उपायही सोपा आहे. दांडा जिथे जमिनीतून निघतो तेवढीच जागा पाहायची, वरून वाकलेले फूल नाही. वरच्या आणि डाव्या काठावर आलेले दांडे मोजायचे, खालच्या आणि उजव्या काठावरचे सोडून द्यायचे. हा नियम चौकट हातात घेण्याआधी ठरलेला असावा लागतो.

तिसरी गोष्ट कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण ती मेहनतीसारखी दिसते. पाझरातल्या माझ्या २० चौकटी प्रत्यक्षात दोनच पाझरांतल्या होत्या, प्रत्येकात दहा, एकमेकींच्या शेजारी. शेजारच्या चौकटींना तेच पाणी, तीच माती, त्याच रोपांचे बी. पहिली चौकट मोजल्यावर दुसरीत काय असेल याचा बराचसा अंदाज येतोच, म्हणून दुसरी मोजून नवी माहिती थोडीच मिळते. संख्याशास्त्रात हे सारखेपण शून्य ते एक या मापात मांडतात. एकाच पाझरातल्या चौकटींमध्ये ते ०.५ धरले, तर दोन पाझरांतल्या दहा-दहा चौकटींची किंमत जेमतेम ३.६ स्वतंत्र चौकटींइतकी भरते. त्याच २० चौकटी दहा पाझरांत दोन-दोन अशा ठेवल्या असत्या तर ती किंमत १३ च्या पुढे गेली असती. मोजायचे श्रम तेवढेच, फक्त पायपीट जास्त. अमेरिकी परिस्थितिकीतज्ज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली दाखवून दिले, की छापून आलेल्या कितीतरी प्रयोगांतही शेजारच्या मोजण्या स्वतंत्र समजून निष्कर्ष काढलेले आहेत. त्या चुकीचे चिन्ह असे, की सरासरीभोवतीची अनिश्चितता संशयास्पद वाटावी इतकी कमी येते. मला माझी कमी अनिश्चितता पाहून आनंद झाला होता. ती सड्याबद्दल नव्हती, दोन ओल्या तुकड्यांबद्दल होती.

वेळेची चूक थोडक्यात सांगते, कारण तिला इलाजच नाही. मला दोन सड्यांची तुलनाही करायची होती. रस्त्याजवळचा सडा मी ऑगस्टमध्ये पुरा केला आणि मग सप्टेंबरमध्ये लांबचा घेतला. फुलांचे आकडे वेगळे आले. पण सडा वेगळा म्हणून, की महिना वेगळा म्हणून? सड्यावर प्रत्येक पंधरवड्याला दृश्य बदलते. पावसाच्या सुरुवातीला दीपकाडी फुलून जाते, मग आसवे आणि गेंद यांचा भर येतो, आणि पाऊस ओसरू लागला की गवत सगळे झाकून टाकते. पावसाने काही दिवस उघडीप दिली तरी पातळ मातीतला ओलावा जातो आणि नाजूक दांडे माना टाकतात. दोन्ही सड्यांवर आलटून पालटून, आज इथे तर उद्या तिथे, असे गेले असते तर महिन्याचा परिणाम दोघांवर सारखा पडला असता. तसे न केल्यामुळे त्या तुलनेतून काहीच म्हणता येत नाही. ती मी टाकून दिली.

दुसऱ्या हंगामात क्रम उलटा केला. आधी सडा म्हणजे काय ते ठरवले. आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून फोडलेला आणि माती भरलेला भाग त्यात धरायचा की नाही? मी तो वगळला आणि वगळला असे लिहून ठेवले. मग उपग्रहाच्या चित्रावर कातळ, गवत आणि पाझर यांच्या सीमा आखल्या. पावसाळी ढगांमुळे त्या महिन्यांची चित्रे फारशी मिळत नाहीत आणि उन्हाळ्याच्या चित्रात पाझर ओळखू येत नाही. त्यामुळे पाझरांच्या सीमा सड्यावर चालूनच आखाव्या लागल्या. त्यानंतर संगणकाने दिलेल्या यादृच्छिक आकड्यांवरून प्रत्येक भागातले बिंदू काढले, शिवाय काही राखीव बिंदूही, क्रमांक लावून.

हातातल्या जीपीएस यंत्राची चूक चार-पाच मीटर असते. तेवढ्या अंतरात पाझर संपून कातळ लागू शकतो, आणि मन तेवढ्यातही फुलांकडे ओढते. म्हणून नियम असा केला, की यंत्रावरचे अंतर शून्य झाले की तिथेच थांबायचे आणि उजव्या बुटाच्या टोकाशी चौकटीचा डावा कोपरा टेकवायचा. बिंदू डबक्यात पडला तर राखीव यादीतला पुढचा क्रमांक, जवळची बरी जागा नाही. रिकामी चौकट आली तर ठसठशीत शून्य लिहायचे. कातळावर पाऊस झेलत, शेवाळावरून घसरत जाऊन एक शून्य लिहून परत यायचे, हे काम जड जाते. बरोबरचे सोबती कुरकुरतात. पण दर चौरस मीटरचा आकडा खरा ठेवण्याचे काम तीच शून्ये करतात.

पहिल्या हंगामाच्या वह्या मी फेकल्या नाहीत. त्यांतून संख्या काढता येत नाही, पण सड्यावर कोणकोणत्या जाती आहेत हे कळते. तिथे माझी फुलांमागे जाण्याची सवय उपयोगीच ठरली होती. दुर्मिळ झाड शोधायचे असेल तर जिथे ते असण्याची शक्यता आहे तिथेच जावे. यादृच्छिक बिंदू अशा झाडांजवळून सहज चुकून जातात. शोधणे आणि मोजणे ही दोन कामे आहेत, आणि दोन्हींसाठी वेगवेगळ्या वाटेने सडा पालथा घालावा लागतो.

जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या तयार होतात. त्यांत पुष्कळदा ‘भरपूर’, ‘मध्यम’, ‘कमी’ असे शेरे असतात, आणि ते कुठे पाहून दिले याचा उल्लेख नसतो. आपल्या गावच्या नोंदवहीसाठी सड्यावर, देवराईत किंवा माळावर जाणार असाल, तर एवढे करा. जातींची यादी आणि मोजणी यांची पाने वेगळी ठेवा. मोजणीच्या पानावर सर्वांत वर जागा कशी निवडली ते लिहा, तारीख लिहा, आणि जिथे काही मिळाले नाही ती ठिकाणेही लिहा. दहा वर्षांनी कोणी त्याच सड्यावर परत मोजायला आले, तर त्यांना तुमच्या आकड्याच्या आधी हीच माहिती लागेल.